‘किती जण राहणार?’ : दोन प्रौढांच्या पहिल्या भेटीचा प्रसंग लिहिताना

नव्याने लिहिणाऱ्यांच्या कथांत पहिल्या भेटीचा प्रसंग बहुधा एकाच ठिकाणी घसरतो. दोघं भेटतात, कॉफी मागवली जाते आणि दहाव्या ओळीला एक जण आपल्या मोडलेल्या लग्नाची कहाणी सांगायला लागतो. समोरची व्यक्ती मान हलवत ऐकते. जवळीक साधली, असं लेखकाला वाटतं. वाचकाच्या हाती मात्र नुसती माहिती पडलेली असते.

पंचेचाळिशी-पन्नाशीतली माणसं अनोळखी माणसापुढे अशी भडाभडा बोलत नाहीत. काय सांगायचं, कुठे विषय बदलायचा, याचा त्यांना वीसेक वर्षांचा सराव असतो. म्हणून त्यांच्यातली ओढ दाखवायची तर ते काय बोलतात यापेक्षा कशाला वळसा घालतात, ते लिहावं लागतं. पण एवढ्याने भागत नाही, आणि बरेच जण इथेच थांबतात. नुसतं टाळणं म्हणजे ओढ नव्हे. बँकेच्या काउंटरवरचा माणूसही तुमच्याशी काही बोलायचं टाळतच असतो. एकाने काहीतरी टाळलं, दुसऱ्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने ते न विचारता जाऊ दिलं, असं घडलं की दोघांमध्ये काहीतरी सुरू झालं असं वाचकाला वाटतं. पुढची सगळी खटपट ही तिसरी गोष्ट कागदावर आणण्यासाठीच आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. पुण्यात कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके भाड्याने द्यायचा आहे. मालक हेमंत, वय ५२. फ्लॅट बघायला आलेली मेधा, वय ४७, सांगलीहून बदली होऊन आलेली.

आधी दोन वाक्यं लिहून ठेवा

प्रसंगाला हात घालण्याआधी वहीत दोन वाक्यं लिहायची, एकेकाचं एकेक. हे माणूस या भेटीत काय अजिबात बोलणार नाही, आणि का? ‘का’ महत्त्वाचं. ‘तो अबोल आहे’ किंवा ‘ती लाजाळू आहे’ हे कारण चालणार नाही, कारण स्वभावातून आलेलं मौन सगळ्याच विषयांवर सारखं असतं. आपल्याला एका ठरावीक जागेवर अडखळणारं माणूस हवं आहे. एरवी ते छान बोलकं असलं तर उत्तमच.

हेमंतचं वाक्य असं : ‘हे घर मी आम्हा दोघांसाठी घेतलं, ती चार वर्षांपूर्वी निघून गेली, घटस्फोट झाला आणि मग मला इथे राहवेना.’ तो हे का बोलणार नाही? भाडेकरूला हे ऐकवण्याचं काहीच कारण नाही म्हणून, आणि आख्ख्या सोसायटीने एकदा हे चघळून झालंय म्हणूनही.

मेधाचं वाक्य : ‘बदली झाली नाही, मी मागून घेतली, आणि नवऱ्याला हे ठाऊक नाही.’ ती का बोलणार नाही ते उघडच आहे. हे तिने अजून स्वतःच्या बहिणीलाही सांगितलेलं नाही.

ही वाक्यं प्रसंगात कुठेही येणार नाहीत. पण ती वहीत नसली तर लिहिताना तुमचंच लक्ष भरकटतं आणि पात्रं उगाच गूढ वागायला लागतात. गूढ वागणारी पात्रं ओळखायची खूण सोपी आहे : ती खिडकीबाहेर फार बघतात.

त्यांना करायला काम द्या

कॉफी शॉपमध्ये बसवलेल्या दोन माणसांना एकमेकांबद्दल बोलण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. मग टाळायला आडोसाच राहत नाही. कांदेपोह्याचा कार्यक्रमही याच कारणाने अवघड. तिथे पगारापासून पत्रिकेपर्यंत सगळं विचारायची रीतसर मुभा असते, त्यामुळे एखादा प्रश्न टाळला की लगेच तो संशय ठरतो.

त्यापेक्षा व्यवहाराची भेट बरी. फ्लॅट दाखवणे, जुन्या गाडीची बोलणी, हॉस्पिटलमध्ये शेजारशेजारच्या खाटांवर दोघांचे वडील. व्यवहाराला स्वतःचे प्रश्न असतात. भाड्याच्या घराचे कुठले? पाणी कधी येतं, ऊन कुठून, डिपॉझिट किती, पार्किंग आहे का, आधी कोण राहत होतं, किती जण राहणार. हे प्रश्न एका कागदावर उतरवा आणि त्यात असा एक शोधा, जो व्यवहारासाठी विचारावाच लागतो आणि नेमका दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. आपल्या यादीत असे दोन सापडतात. ‘किती जण राहणार?’ हा मेधासाठी आणि ‘आधी कोण राहत होतं?’ हा हेमंतसाठी. प्रसंगाचा कणा तयार झाला. विचारणाऱ्यावर चोंबडेपणाचा आळ येत नाही, आणि उत्तर न देणाऱ्यालाही काही खुलासा करावा लागत नाही.

इथे एका व्यवहारी गोष्टीचं भान ठेवावं लागतं. अनोळखी पुरुषाच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये बाई एकटी आली आहे. हे लेखक विसरला तरी वाचणाऱ्या बायका विसरत नाहीत, आणि मग ज्या शांततेत तुम्हाला ओढ दाखवायची आहे तिथे त्यांना भीती दिसते. शिवाय तो मालक आहे, हो-नाही म्हणणं त्याच्या हातात आहे. म्हणून एजंटला खाली गाडी लावायला पाठवला तरी तो दोन मिनिटांत वर येणार हे वाचकाला माहीत असू द्या, फ्लॅटचं दार उघडं ठेवा आणि हेमंतला दारापाशी उभा करा. आपल्या प्रसंगात याचा दुहेरी फायदा होतो, कारण त्याला बेडरूमकडे जायचंच नाहीये. त्याचं दारापाशी थांबणं सभ्यपणाचं आहे की आणखी कशाचं, ते मेधाला लगेच कळत नाही.

टाळण्याची रीत : आपल्या भाषेत सोय आहे

टाळणं लिहिताना सगळ्यात जास्त होणारी चूक अशी दिसते :

“तुम्ही एकट्याच राहणार?” त्याने विचारलं.
“हो,” ती खिन्न हसली. “म्हणजे लग्न झालंय, पण… जाऊ द्या.”
“समजू शकतो. मीही त्यातून गेलोय.”
दोघांमध्ये एक अर्थपूर्ण शांतता पसरली.

इथे कुणीच काही टाळलेलं नाही. ‘पण’च्या पुढची तीन टिंबं आणि ‘जाऊ द्या’ म्हणजे मला विचारा असं दिलेलं आमंत्रण आहे. खरं टाळणारा माणूस आपण टाळतोय हे कळू देत नाही. तो प्रश्नाच्या शेजारच्या प्रश्नाचं उत्तर देतो, किंवा उलट दुसराच प्रश्न विचारतो, आणि तोही अगदी साध्या आवाजात. ‘खिन्न’ आणि ‘अर्थपूर्ण’ ही विशेषणं तर लेखकाने मध्ये येऊन केलेली कुजबुज आहे. दोन्ही काढा.

त्याऐवजी मराठी वाक्यरचना काय देते ते पाहा. आपल्याकडे कर्ता गाळून वाक्य सहज पुरं होतं. ‘ओटा करून घेतला होता.’ कुणी, कुणासाठी, काही सांगावं लागत नाही आणि वाक्य तुटकही वाटत नाही. ‘बदली झाली’ हेही तसंच. मागून घेतलेली बदलीसुद्धा बोलताना ‘होते’च. दुसरी सोय ‘आम्ही’ आणि ‘मी’ची. चार वर्षांपूर्वी एकटा पडलेला माणूस जुन्या घराबद्दल बोलताना चुकून ‘आम्ही’ म्हणून जातो आणि पुढच्याच वाक्यात ‘मी’वर येतो. त्याने मधलं काही सांगितलेलं नसतं, तरी ऐकणारीला कळतं.

तिसरी सोय संबोधनाची. फ्लॅट दाखवणारा माणूस ‘मॅडम’ म्हणणार. त्याला दोन-तीनदा ‘मॅडम’ म्हणू द्या आणि मग एका जागी ते गुपचूप थांबवा. ‘तुम्ही’ तसंच राहू द्या. या वयाची, या शहरातली दोन माणसं पहिल्या भेटीत ‘अरे-तुरे’वर येत नाहीत, आणि तुम्ही आणलीत तर प्रसंग तिथेच खोटा पडतो. ‘मॅडम’ गळाल्याचं निवेदनात चुकूनही नोंदवू नका. बऱ्याच वाचकांच्या ते डोळ्यांना दिसणार नाही, पण वाचताना सूर बदललेला जाणवेल.

कुणाच्या डोळ्यांनी?

प्रसंग एकाच्याच नजरेतून लिहा. मी मेधा निवडेन, कारण हेमंतचं गुपित त्या घरातच पडलेलं आहे आणि घर बघणं हेच तिचं काम आहे. तिला ते वाचता येईल.

पण मग तिच्या स्वतःच्या गुपिताचं काय? वाचक तिच्या डोक्यात बसलेला असताना ते त्याच्यापासून दडवून ठेवलं आणि शेवटी धक्का म्हणून काढलं, तर वाचकाला फसवल्यासारखं होतं. त्यासाठी प्रसंगाच्या आधी दोनच वाक्यांची सोय करा : ‘ऑफिसचं पत्र बरोबर असू द्या, असं एजंट म्हणाला होता. बदलीची ऑर्डर तिने पर्समध्ये ठेवली, पण “स्वतःच्या विनंतीवरून” ही ओळ आतल्या घडीत जाईल अशी दुमडून.’ वाचकाला पुरेसं कळलं. आता फ्लॅटमध्ये पर्स दिसली की त्याला ती घडी आठवेल आणि तुम्हाला तिचं नावही काढावं लागणार नाही.

हे तत्त्व हेमंतलाही लागू आहे. वाचकाला टाळलेल्या गोष्टीचा आकार दिसल्याशिवाय टाळलेलं दिसत नाही. त्याच्या बाबतीत हा आकार ओट्याने दिलाय. नेहमीचा ओटा ३२ ते ३४ इंच उंचीचा असतो. हा ३६ इंच आहे, म्हणजे कुणातरी उंच व्यक्तीसाठी मुद्दाम केलेला. हेमंतला बेताच्या उंचीचा ठेवा म्हणजे झालं.

आता प्रसंग

“या, या,” म्हणत हेमंतने दार सताड उघडं ठेवलं आणि तो चपलांच्या स्टँडपाशीच थांबला. खाली एजंट गाडी लावायला जागा शोधत होता.

मेधाने हॉल पाहिला, बाल्कनीची कडी काढून पाहिली आणि स्वयंपाकघरात गेली. पर्स ओट्यावर ठेवली.

“ओटा उंच आहे.”

“हो मॅडम. छत्तीस इंच. करून घेतला होता.”

तिने ओट्यावर हात टेकवला. वाकावं लागलं नाही. दारात उभा असलेला माणूस तिच्या कानाला लागला असता.

“पाणी?”

“सकाळी सहा ते आठ. टाकी आहे, अडचण येत नाही. गीझर गेल्या दिवाळीत बदललाय. मॅडम, किती जण राहणार?”

“बाल्कनीत ऊन कधी येतं?”

“तीननंतर.”

“म्हणजे कपडे वाळायला उशीर.”

तो जरा थांबला. “एका माणसाचे असले तर संध्याकाळपर्यंत वाळतात.”

“तेवढेच असतील.”

बेडरूम तिने एकटीने पाहिली. तो आला नाही. बाहेर येऊन तिने विचारलं, “आधी कोण राहत होतं?”

“आम्हीच.” त्याने किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. “आता मी सहकारनगरला असतो, आईकडे.”

“लांब पडतं, नाही?”

“पडतं. कर्वे रोडला संध्याकाळी तर विचारू नका.”

“नाही विचारत.”

तो हसला. तेवढ्यात एजंट धापा टाकत वर आला. भाडं, डिपॉझिट, मेंटेनन्स कुणी भरायचा, सगळं पाच मिनिटांत ठरलं. “करार अकरा महिन्यांचा,” एजंट म्हणाला. “अंगठ्याचं मशीन घेऊन आमचा माणूस येतो. दोघांनी एकाच वेळी पाहिजे असं काही नाही. सर घरी देतील, मॅडम तुम्ही ऑफिसात द्या.”

मेधाने ओट्यावरची पर्स उचलली. “त्याला बिचाऱ्याला दोन फेऱ्या कशाला?”

“शनिवारी मी इथे असतो,” हेमंत म्हणाला.

“शनिवारी मला सुट्टी आहे.”

काय केलं आणि काय सोडलं

प्रसंगाचा जीव ‘एका माणसाचे असले तर’ या वाक्यात आहे. तिने प्रश्न टाळला, त्याने टाळलेलं उत्तर ओळखलं आणि ते कपड्यांच्या नावाने तिच्यापुढे ठेवलं. हो म्हणायचं की नाही, ते तिच्यावर सोडलं. ‘तेवढेच असतील’ म्हणताना ती खरं उत्तर देते, तरी एकटी का राहणार हा मुद्दा दोघंही बाजूला ठेवतात. इथून पुढे त्याच्या तोंडी ‘मॅडम’ नाही.

मग तिची पाळी. ‘आम्हीच’ आणि ‘आता मी’ यांच्यामध्ये काय घडलं असेल ते तिला कळलंय. ‘आम्ही म्हणजे?’ हा प्रश्न अगदी ओठावर येण्यासारखा आहे. ती अंतर विचारते. त्याने तिला जशी वाट दिली, तशीच तिने त्याला दिली. ‘नाही विचारत’ ही ओळ थोडी धोक्याची आहे, कारण ती वाहतुकीबद्दलही आहे आणि दुसऱ्याही गोष्टीबद्दल. अशी दुहेरी ओळ एका प्रसंगात एकच चालते. दुसरी आली की पात्रं शब्दांचे खेळ करायला लागतात आणि एखाद्या विनोदी नाटकात गेल्यासारखं वाटतं.

शेवटची देवघेव मुद्दाम एजंटसमोर ठेवली आहे. भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी करताना दोन्ही पक्षांनी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी अंगठा दिला तरी चालतं. म्हणजे पुन्हा भेटायचं काहीच कारण उरत नाही, आणि हे कारण नसणं एजंटने मोठ्याने सांगितलं आहे. आता दोघांना भेटायचं असेल तर एक लंगडी सबब काढावी लागेल. मेधा मशीनवाल्या माणसाची कणव काढते. सबब जितकी लंगडी तितकी बरी, फक्त ती एकाने काढायची आणि दुसऱ्याने क्षणात उचलायची. आणखी एक : भाडं-डिपॉझिट आधी ठरवून टाकलं आहे. ते बाकी असताना तिने ही ओळ म्हटली असती तर भाव कमी करून घ्यायची युक्ती वाटली असती.

काही गोष्टी मुद्दाम आणल्या नाहीत. बेडरूममध्ये दोन दिवे आणि त्यातल्या एकाचा बल्ब काढलेला, असं लिहायचा मोह हमखास होतो. लिहू नका. ओट्याने जे काम केलं तेच बल्ब पुन्हा करतो, आणि तेही हातवारे करून. एका गुपिताला घरातली एकच वस्तू पुरते. तसंच कुणाच्याही दिसण्याचं वर्णन नाही. तो तिच्या कानाला लागला असता, एवढंच आहे, आणि तेही ओट्यासाठी.

कच्चा खर्डा तपासताना

खर्डा झाला की पेन्सिल घेऊन निवेदनातली प्रत्येक शांतता शोधा. ‘क्षणभर कुणीच बोललं नाही’, ‘ती काहीतरी बोलणार होती पण’, ‘त्याचे डोळे काही वेगळंच सांगत होते’. एका प्रसंगात एखादाच थांबा पुरे. वरच्या प्रसंगात ‘तो जरा थांबला’ एकदाच आहे आणि त्यानंतर लगेच सगळ्यात महत्त्वाचं वाक्य येतं. बाकीच्या ठिकाणी हाताला काहीतरी करू द्या. किल्ल्यांचा जुडगा त्यासाठीच आहे.

मग फक्त संवाद मोठ्याने वाचा, शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला बरोबर घेऊन. टाळण्याच्या जागी आवाज आपोआप खालावत असेल, नाटकी होत असेल, तर ती ओळ जास्त जाणती आहे. ‘बाल्कनीत ऊन कधी येतं?’ हे अगदी बाजारातल्या आवाजात वाचता आलं पाहिजे.

शेवटी, गोष्ट माहीत नसलेल्या एकाला प्रसंग वाचायला द्या. आवडला का, हे विचारू नका. या दोघांनी एकमेकांना काय सांगितलं नाही, एवढंच विचारा. ‘काही नाही, फ्लॅट बघितला की’ असं उत्तर आलं तर खुणा कमी पडल्या. बहुधा पर्समधल्या ऑर्डरची ती दोन वाक्यं नीट बसलेली नसतात, संवादात काही घालू नका. ‘त्याचा घटस्फोट झालाय आणि तिने बदली मागून घेतलीय’ असं नेमकं उत्तर आलं तर तुम्ही कुठेतरी सांगून टाकलंय, ती ओळ शोधून काढा. ‘त्याच्या घरात कुणीतरी होतं, आता नाही, तिचं काही नक्की कळलं नाही, पण ती काहीतरी मागे टाकून आलीय, आणि त्याला ते कळलंय वाटतं’ असं काहीसं अडखळत उत्तर आलं, तर खर्ड्याला आता हात लावू नका.